फोटोतल्या वर्कशीटवरून बायनरी, ऑक्टल आणि हेक्स: आधी अंक वाचा, मग गट पाडा

कॉम्प्युटर सायन्सच्या वर्कशीटचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर येतो, तो झूम करून आकडे वहीत उतरवले जातात आणि उत्तर चुकतं. अशा वेळी दोष बहुतेकदा रूपांतराच्या पद्धतीला दिला जातो. खरं तर बायनरी, ऑक्टल आणि हेक्साडेसिमल, म्हणजे पुस्तकातल्या द्विमान, अष्टमान आणि षोडशमान पद्धती, यांच्यातली ये-जा हा गणितातला फार सोपा प्रकार आहे. त्यात ना भागाकार लागतो ना गुणाकार. चूक होते ती कागदावरचा अंक वाचताना आणि शून्यं मोजताना. म्हणून इथे एकच छोटी वर्कशीट घेऊन ती वाचण्यापासून तपासण्यापर्यंत सोडवली आहे. फोटोत चार प्रश्न आहेत, पहिले दोन आणि चौथा छापील, तिसरा सरांनी पेनाने लिहिलेला:

```
1. (1011011101)₂ = ( ? )₈ = ( ? )₁₆
2. (3B8)₁₆ = ( ? )₈
3. (५२७४)₈ = ( ? )₁₆
4. (110101.01101)₂ = ( ? )₈ = ( ? )₁₆
```

फोटो हाताशी आला की

फोटो तुम्हीच काढणार असाल तर कागद टेबलावर सपाट ठेवा आणि फोन बरोबर वरून धरा. तिरक्या फोटोत दूरच्या कडेचे अंक एकमेकांना चिकटतात, आणि 1000001 मधली शून्यं पाच की सहा हे मग कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना साधा फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फाईल लहान करताना बारीक रेघा पुसट होतात. सर्वांत आधी जातो तो कंसाच्या पायथ्याशी लिहिलेला बेस, कारण पानावरचा सर्वांत लहान अंक तोच असतो.

फोनमधली मजकूर उचलायची सोय वापरत असाल तर याच बेसवर नजर ठेवा. कंस गळून बेस ओळीत वर येतो आणि मूळ संख्येला चिकटतो. (1011)₂ चं 10112 होतं, (1335)₈ चं 13358 होतं. पहिल्यात बायनरी संख्येत 2 आणि दुसऱ्यात ऑक्टलमध्ये 8 दिसतो, म्हणून निदान शंका तरी येते. (305)₁₆ चं 30516 झालं तर मात्र काहीच खटकत नाही, कारण हेक्समध्ये 30516 ही सरळ चालणारी संख्या आहे. त्यामुळे आकडे हातानेच उतरवलेले बरे.

बेस वाचता येत नसेल तर अंकांकडे बघा. बायनरीत फक्त 0 आणि 1, ऑक्टलमध्ये 0 ते 7, हेक्समध्ये 0 ते 9 आणि पुढे A ते F. संख्येत अक्षर असेल तर ती हेक्सच. 8 किंवा 9 असेल तर ऑक्टल नाही. पण हा नियम उलटा चालत नाही. 745 मध्ये 8 नाही म्हणून ती ऑक्टल ठरत नाही, ती दशमान किंवा हेक्सही असू शकते. अशा वेळी प्रश्नाचं वाक्य, त्या स्तंभाचं शीर्षक आणि शेजारचे प्रश्न बघावे लागतात. विशेषतः 10 आणि 16 हे बेस पुसट फोटोत अगदी सारखे दिसतात, दोन्ही एक उभी रेघ आणि एक गोल.

एकच तक्ता, तोही पाठ न करता

संपूर्ण काम या सोळा ओळखींवर चालतं:

```
0 = 0000   4 = 0100   8 = 1000   C = 1100
1 = 0001   5 = 0101   9 = 1001   D = 1101
2 = 0010   6 = 0110   A = 1010   E = 1110
3 = 0011   7 = 0111   B = 1011   F = 1111
```

चार जागांचं वजन डावीकडून 8, 4, 2, 1 असतं. B म्हणजे अकरा, अकरा म्हणजे 8 + 2 + 1, म्हणून 1011. परीक्षेत तक्ता आठवला नाही तरी कोपऱ्यात 8 4 2 1 लिहून तो अर्ध्या मिनिटात उभा करता येतो. ऑक्टलसाठी वेगळा तक्ता नको. पहिल्या आठ ओळखींमधलं डावीकडचं शून्य झाकलं की उरतात ते ऑक्टलचे तीन बिट: 5 म्हणजे 101, 2 म्हणजे 010.

असं होतं कारण 8 म्हणजे दोनचा तिसरा घात आणि 16 म्हणजे चौथा. ऑक्टलचा एक अंक बरोबर तीन बिटांचा, हेक्सचा एक अंक बरोबर चार बिटांचा, आणि एका गटाचा हातचा शेजारच्या गटात कधीच जात नाही. दशमानाचं तसं नाही. दहा हा दोनचा घात नसल्याने तिथे भागाकार करत बसावं लागतं. म्हणूनच ऑक्टलमधून हेक्समध्ये जाताना दशमानाचा वळसा घेऊ नका. रस्ता बायनरीतून जातो, आणि तोच जवळचा आहे.

पहिला प्रश्न: गट उजवीकडून

1011011101 वहीत उतरवा आणि आधी बिट मोजा. दहा आहेत. मोजताना उजवीकडून दर चार अंकांनंतर पेन्सिलीने बारीक टिंब द्या आणि फोटोशी ताडताना एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून वाचा. एकाच दिशेने दोनदा वाचलं की डोळा तीच चूक तशीच परत करतो.

आता उजवीकडून तीन-तीनचे गट पाडा, डावीकडे कमी पडतील तिथे शून्यं भरा:

```
001 011 011 101  →  1 3 3 5     (1335)₈
0010 1101 1101   →  2 D D       (2DD)₁₆
```

हेक्ससाठी ऑक्टलच्या उत्तरावरून पुढे जाऊ नका, मूळ बायनरी ओळीवरूनच पुन्हा गट पाडा. नाहीतर पहिल्यातली चूक दुसऱ्यात उतरते आणि दोन्ही उत्तरं एकमेकांशी जुळतात, म्हणजे तपासणीतही सापडत नाही.

नवख्या माणसाची इथली हमखास चूक म्हणजे गट डावीकडून पाडणं, कारण आपण वाचतो डावीकडून. तसं केलं तर 101 101 110 असं करत शेवटी एकटा 1 उरतो आणि उत्तर येतं 5561. ही चूक ओळखायला पुन्हा गणित करायची गरज नाही. 5561 चा पहिला अंक 5 म्हणजे 101, त्याला तीन बिट पूर्ण लागतात. पुढचे तीन अंक नऊ बिटांचे. एकूण बारा. आपल्याकडे होते दहा. उरलेले दोन बिट आले कुठून? उलट 1335 चा पहिला अंक 1 म्हणजे एकच बिट, अधिक नऊ, बरोबर दहा. 2DD चा 2 म्हणजे 10, दोन बिट, अधिक आठ, पुन्हा दहा. ही बिटमोजणी प्रत्येक उत्तरानंतर करा. या लेखातली सर्वांत कामाची गोष्ट हीच आहे.

हेक्स लिहिताना D च्या जागी 13 लिहू नका. 2DD चं 21313 झालं तर वाचणाऱ्याला ती पाच अंकी संख्या वाटते, आणि तिच्यात चूकही दिसत नाही.

दुसरा प्रश्न: हा B आहे की 8?

पद्धत तीच, फक्त उलट्या दिशेने. आधी हेक्सचा प्रत्येक अंक चार बिटांत उलगडायचा, मग ती ओळ तीन-तीनने पुन्हा कापायची:

```
3    B    8
0011 1011 1000
001 110 111 000  →  1 6 7 0     (1670)₈
```

पण फोटो थोडा हलला असेल तर 3B8 हीच संख्या 388 किंवा 3BB वाटू शकते. तिन्ही हेक्समध्ये चालतात, त्यामुळे अंकांचा नियम इथे मदतीला येत नाही. 388 धरलं तर उत्तर येतं 1610, 3BB धरलं तर 1673. तिन्ही उत्तरं ऐटीत बरोबर दिसतात.

मग अक्षराच्या आकाराकडे जावं लागतं. छापील B ची डावी बाजू सरळ उभी असते आणि वरचा-खालचा डावा कोपरा टोकदार असतो. 8 दोन्ही बाजूंनी कमरेत आत जातो. पानावर दुसरीकडे कुठे नक्की B किंवा नक्की 8 असेल, उदाहरणार्थ प्रश्न क्रमांकात किंवा बेसमध्ये, तर तो शेजारी ठेवून बघा. सातरेघी डिस्प्लेच्या कॅल्क्युलेटरवर हेक्सचे b आणि d लहान लिपीत येतात ते याच कारणाने: मोठा B तिथे 8 सारखा आणि मोठा D शून्यासारखा दिसला असता.

D आणि 0 ची गोष्टही अशीच, डाव्या बाजूचे कोपरे बघायचे. E आणि F ची गंमत मात्र वेगळी आहे. रेघांच्या वहीत लिहिलेला F छापील रेघेवर टेकलेला असतो, आणि काळ्या-पांढऱ्या फोटोत किंवा झेरॉक्समध्ये ती रेघच त्याची तळाची आडवी दांडी होऊन बसते. F चा E होतो. दोन्हींत फरक फक्त शेवटच्या बिटाचा, 1111 आणि 1110, म्हणून उत्तर अगदी जवळ येऊन चुकतं. शंका आली तर ती दांडी अक्षराच्या पुढेही तशीच जाते का ते पाहा. पुढे जात असेल तर ती वहीची रेघ.

प्रश्नाला पर्याय दिलेले असतील तर उत्तराकडून मागे या. 1670 चं हेक्स काढा, 3B8 मिळतं, आणि 1610 किंवा 1673 पर्यायांत नसतील तर वाचन पक्कं. चलाख पेपर काढणारा तिन्ही पर्याय देऊन ठेवतो. तेव्हा परत अक्षराकडेच जावं लागतं.

तिसरा प्रश्न: देवनागरी अंक

ही अडचण खास आपल्याकडची. मराठीतून शिकवणारे काही शिक्षक फळ्यावर किंवा कागदावर देवनागरी अंक लिहितात, आणि फोटोत ५२७४ हे सहज 4278 असं वाचलं जातं. हाताने लिहिलेला ४ वरून जुळला की 8 दिसतो. ५ हा 4 सारखा दिसतो. दुसऱ्या संख्यांमध्ये १ चा 9 होतो.

यातली एक चूक आपोआप पकडली जाते: ऑक्टलमध्ये 8 नसतोच, म्हणून शेवटचा अंक ४ असणार. १ चा 9 झाला तरी तेच होईल. पण ५ चा 4 झाला तर कुठलीच घंटा वाजत नाही, कारण दोन्ही ऑक्टलमध्ये चालतात. त्यासाठी साधा नियम असा, की एका संख्येतले सगळे अंक एकाच लिपीतले असतात. ७ चं वळण इंग्रजी अंकांपैकी कुणाशीही नीट जुळत नाही. तो नक्की देवनागरी आहे असं दिसलं की पहिला अंकही देवनागरीच वाचायचा, म्हणजे ५. संख्येत ७ किंवा ६ असेल तर तिथूनच लिपी ठरवा.

वाचन पक्कं झालं की प्रत्येक अंक तीन बिटांत, मग चार-चारने कापणी:

```
5   2   7   4
101 010 111 100
1010 1011 1100   →  A B C       (ABC)₁₆
```

इथे 2 लिहिताना फक्त 10 लिहून पुढे गेलात तर ओळ 101 10 111 100 अशी होते आणि उत्तर येतं 5BC. ही चूक फसवी आहे, कारण शेवटचे दोन अंक बरोबर आहेत आणि नजर तिथेच समाधान मानते. बिट मोजले की उघडी पडते: 5 ने सुरू होणाऱ्या चार अंकी ऑक्टल संख्येचे बारा बिट व्हायलाच हवेत, आणि 5BC चे अकराच आहेत. डावीकडच्या पहिल्या अंकाची पुढची शून्यं सोडली तर चालतात, मधल्या अंकाची कधीच नाही.

बारा ही संख्या तशी लक्षात ठेवण्यासारखी. तीन आणि चार दोन्हींनी ती विभागली जाते, म्हणून ऑक्टलचे चार अंक आणि हेक्सचे तीन अंक एकाच बारा बिटांच्या चौकटीत चपखल बसतात. लांबलचक संख्या आली तर उजवीकडून ऑक्टलचे चार-चार अंक वेगळे काढा आणि प्रत्येक चौकट स्वतंत्र सोडवा. एका चौकटीतली चूक दुसरीत शिरत नाही.

आठ बिटांचं तसं जुळत नाही. आठाला तीनने भाग जात नाही, म्हणून एका बाइटची ऑक्टलमधली सर्वांत मोठी किंमत 777 नसून 377 असते, आणि हेक्समध्ये ती नीटस FF होते. १९६५ च्या पीडीपी-८ या बारा बिटांच्या यंत्रावर ऑक्टल सोयीचं होतं. आयबीएमने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मध्ये आठ बिटांचा बाइट आला, आणि पुढे हेक्सचं चलन वाढत गेलं ते याच सोयीमुळे.

चौथा प्रश्न: मधला पॉइंट

(110101.01101)₂ मध्ये आधी तो पॉइंट खरंच पॉइंट आहे ना हे पाहा. फोटोत कागदावरचा ठिपका पॉइंट वाटतो आणि खरा पॉइंट पुसून जातो. छापील पानावर पॉइंटच्या दोन्ही बाजूंना अंकांमधलं अंतर किंचित जास्त असतं आणि तो ओळीच्या तळाशी असतो. मध्यावर तरंगणारा ठिपका बहुधा धूळ असते.

पॉइंटच्या डावीकडे नेहमीसारखं उजवीकडून डावीकडे जायचं. पॉइंटच्या उजवीकडे मात्र दिशा बदलते: पॉइंटपासून सुरुवात करून उजवीकडे जायचं आणि कमी पडणारी शून्यं शेवटी, उजव्या टोकाला लावायची. थोडक्यात, दोन्हीकडे मोजणी पॉइंटपासून दूर जाते.

```
110 101 . 011 010     →  6 5 . 3 2     (65.32)₈
0011 0101 . 0110 1000 →  3 5 . 6 8     (35.68)₁₆
```

अपूर्णांकाची शून्यं सवयीने डावीकडे भरली तर 01101 चं 001 101 होतं आणि उत्तर येतं 65.15. शून्य डावीकडे घुसलं की प्रत्येक बिट एक जागा उजवीकडे सरकतो आणि त्याची किंमत निम्मी होते. दशमानात 0.5 चं 0.05 केलं तर जे होतं त्याचाच हा भाऊ. तपासायचं तर 0.01101 ची किंमत 0.25 + 0.125 + 0.03125 = 0.40625. ऑक्टलच्या .32 ची किंमत 3/8 + 2/64, तीही 0.40625. .15 ची मात्र 1/8 + 5/64 = 0.203125, बरोबर निम्मी.

उत्तर तपासताना

पूर्णांकांसाठी बिटमोजणीनंतर एक झटपट नजर टाका. हेक्सच्या शेवटच्या अंकातून, तो 8 किंवा जास्त असेल तर, 8 वजा करा. उरेल तोच ऑक्टलचा शेवटचा अंक हवा. 2DD चा D म्हणजे 13, उणे 8 म्हणजे 5, आणि 1335 चा शेवट 5. ABC चा C म्हणजे 12, उणे 8 म्हणजे 4, आणि 5274 चा शेवट 4. डावीकडून पाडलेल्या गटांची चूक यात बहुतेक वेळा सापडते, पण वर पाहिलेली 5BC ची चूक यातून निसटते. ही तपासणी फक्त शेवटच्या तीन बिटांची आहे, त्यापलीकडे तिचा भरवसा नाही.

पूर्ण खात्रीसाठी दोन्ही रूपं दशमानात न्या. 3B8 म्हणजे 3×256 + 11×16 + 8 = 952. 1670 म्हणजे 512 + 6×64 + 7×8 + 0, तेही 952. शाळेच्या लॅबमध्ये पायथन असेल तर हेच दोन ओळींत होतं:

```
n = int("3B8", 16)
print(bin(n), oct(n), hex(n))
```

पडद्यावर येतं `0b1110111000 0o1670 0x3b8`. पुढची 0b, 0o, 0x ही फक्त बेसची खूण आहे, ती वहीत उतरवू नका. `int("5278", 8)` असं चुकीचं वाचन दिलंत तर पायथन `ValueError` देतो, म्हणजे न चालणारा अंक तिथेच अडतो. `int("4274", 8)` मात्र तो निमूटपणे स्वीकारतो, कारण कागदावर ५ होता हे त्याला कुठून कळणार! विंडोजच्या कॅल्क्युलेटरमधल्या Programmer या प्रकारात HEX, DEC, OCT, BIN ही चारही रूपं एकदम दिसतात, पण तिथे पॉइंट देता येत नाही, म्हणून चौथा प्रश्न हातानेच तपासावा लागतो.

सगळं करूनही एखादा अंक वाचताच आला नाही, आणि मूळ कागद मिळत नसेल, तर उत्तराआधी एका ओळीत काय धरलं ते लिहा: "दुसरा अंक B धरला आहे." खाली उलगडलेली बायनरी ओळ गटांसकट तशीच ठेवा. तपासणाऱ्याला तो अंक 8 दिसत असेल तर 1011 च्या जागी 1000 ठेवून 1670 चं 1610 कसं होतं हे त्याला त्याच ओळीवर दिसेल, आणि तुमची पद्धत बरोबर होती हेही.